पेपर गोळा झाल्यावर: नववीच्या वर्गात कर्म आणि पुनर्जन्म

घटक चाचणीचे पेपर वाटून झाले आणि तिसऱ्या बाकावरचा मुलगा उभा राहिला. वीसपैकी १४ गुण. शेजाऱ्याला १८. शेजाऱ्यानं पुढच्याचं बघून लिहिलं होतं, हे सगळ्या वर्गाला माहीत होतं, फक्त मला सिद्ध करता येत नव्हतं.

"मॅडम, मी रात्री अकरापर्यंत जागून अभ्यास केला. त्यानं बघून लिवलं. मग तुम्ही काल शिकवला त्यो कर्माचा नियम कुठं गेला?"

वर्ग हसला, पण प्रश्न खरा होता. कर्म आणि पुनर्जन्म ही जोडी भारतात का तयार झाली, याचं उत्तर याच तक्रारीत आहे. म्हणून त्या आठवड्यात पुस्तक बाजूला ठेवलं आणि सगळं त्या १४ आणि १८ गुणांवरूनच समजावलं. तेच इथं लिहिते आहे. मध्ये मध्ये छोटे प्रश्न आहेत, खालचं उत्तर झाकून आधी स्वतः सांगून बघा.

सुरुवातीलाच शब्दाचा घोळ मिटवावा लागतो. आपल्याकडं दूध उतू गेलं की आज्जी कपाळावर हात मारून म्हणते, "कर्म माझं!" तिथं कर्म म्हणजे नशीब. व्याकरणाच्या तासाला कर्ता, कर्म, क्रियापद असतं, तिथं कर्म वेगळंच. (एका मुलानं खरोखर लिहिलं होतं की 'रामाने आंबा खाल्ला' यात आंबा हे रामाचं कर्म आहे, म्हणून तो पुढच्या जन्मी भोगावा लागेल.) पण मूळ शब्द 'कृ' या धातूपासून आला, म्हणजे करणं. कर्म म्हणजे आपण केलेली गोष्ट. आपल्यावर येऊन पडलेली गोष्ट म्हणजे फार तर कर्माचं फळ. आज्जी फळाला कर्म म्हणते, आणि निम्मा गोंधळ तिथंच होतो.

आता केलेली प्रत्येक गोष्ट कर्म म्हणून मोजली जाते का?

गेल्या महिन्यात वर्गात एक पाण्याची बाटली सांडली आणि एका मुलीची भूगोलाची वही भिजली. समजा, हीच गोष्ट तीन तऱ्हांनी घडली. पहिल्या वेळी एकाला चक्कर आली, तो बाकावर कलंडला आणि बाटली पडली. दुसऱ्या वेळी एक जण झाकण न लावता बाटली बाकाच्या कडेला ठेवून मागं गप्पा मारत बसला. तिसऱ्या वेळी एकीनं राग धरून मुद्दाम ओतली. वही तिन्ही वेळा सारखीच भिजली. भरपाई म्हणून नवी वही आणायची तर किंमतही सारखीच. तरी वर्गाला विचारलं तर सगळे म्हणतात, तिन्ही सारखं नाही.

बौद्ध परंपरा इथं अगदी स्पष्ट बोलते. बुद्धांचं वचन आहे, "चेतनाहं, भिक्खवे, कम्मं वदामि", म्हणजे भिक्खूंनो, मी हेतूलाच कर्म म्हणतो. त्या हिशेबानं तिसरी मुलगी कर्म करते. चक्कर आलेल्या मुलाच्या हातून घटना घडते, पण कर्म होत नाही. मधल्या मुलाचं काय? त्याचा हेतू वाईट नव्हता, पण लक्षही नव्हतं. इथं जैन विचार जास्त बारीक आहे. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना 'प्रमत्तयोग' हा शब्द येतो. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. बेसावधपणे वागून कुणाचा जीव दुखावला, तर "मी मुद्दाम केलं नाही" एवढं म्हणून सुटका होत नाही. झाकण लावणं तुझ्या हातात होतं ना, मग ते न लावणंही तुझ्या नावावर जातं.

तपासून पाहा: एक मुलगी मित्राला मदत म्हणून उत्तर सांगते, पण तिला स्वतःला ते चुकीचं आठवत होतं, त्यामुळं मित्राचे दोन गुण गेले. हेतू चांगला, परिणाम वाईट. बौद्ध दृष्टीनं तिचं कर्म कसं?

उत्तर: मदत करायचा हेतू होता तेवढ्यापुरतं चांगलं. पण परीक्षेत उत्तर सांगायचं हेही तिनं ठरवूनच केलं होतं, तो हेतू वेगळा मोजावा लागेल. एका कृतीत दोन हेतू असू शकतात. वर्गातल्या फार थोड्या मुलांनी हे पकडलं.

आता १८ गुणांकडं येऊ. तक्रार करणाऱ्या मुलाला फळ लगेच हवं होतं. बघून लिहिलं की पेन थांबलं पाहिजे, नाहीतर निकालात भोपळा तरी मिळाला पाहिजे. आपल्याकडं याला 'पी हळद, हो गोरी' म्हणतात. कर्माचा सिद्धांत असं वचन कधीच देत नाही. तो एवढंच म्हणतो की फळ मिळेल. कधी, ते सांगत नाही. त्यामुळं एक अडचण उभी राहते. कृती तर झाली आणि संपली. चाचणी मंगळवारी झाली, बघून लिहिणं अकरा मिनिटांत आटोपलं. जी गोष्ट आता अस्तित्वातच नाही, ती वीस वर्षांनी फळ कशी देणार? मधल्या काळात ती राहते कुठं?

जुन्या विद्वानांना हा प्रश्न आपल्याइतकाच छळत होता. यज्ञाचा विचार करणाऱ्या मीमांसकांनी म्हटलं की कृतीतून एक न दिसणारी शक्ती तयार होते, ती टिकून राहते आणि वेळ आली की फळ देते. तिला त्यांनी 'अपूर्व' नाव दिलं. मग निकाल लावणारा कुणी लागतो का? मीमांसकांना परीक्षक नको होता. जैन आणि बौद्धांनाही नको होता. तर्कावर भर देणाऱ्या नैयायिकांचं आणि उपनिषदांना मानणाऱ्या वेदान्त्यांचं म्हणणं मात्र असं की नियम जड असतो, त्याला स्वतःला काही कळत नाही, म्हणून फळ देणारा ईश्वर हवा.

पण ईश्वर फळ देतो म्हटलं की वर्गात लगेच दुसरा हात वर येतो. मग एकाला सुख, एकाला दुःख, असा दुजाभाव तो का करतो? शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात याचं उत्तर पावसाच्या उदाहरणानं दिलं आहे. पाऊस भातावर आणि जवावर सारखाच पडतो. उगवताना फरक दिसतो तो बियांमुळं. मी मुलांना गगनबावड्याकडचं भात आणि शिरोळकडचा ऊस सांगते. पावसानं काही भाताला 'तू ऊस हो' म्हटलेलं नसतं. त्याच्याशिवाय दोन्ही उगवत नाहीत, हे मात्र खरं.

हे सगळं झालं तरी तिसऱ्या बाकावरचा म्हणतोच, "पण त्याला १८ आहेतच की."

तेव्हा मी बृहदारण्यक उपनिषदातली एक गोष्ट सांगते, कारण ती मला स्वतःला फार आवडते. विदेहाच्या जनक राजाच्या सभेत याज्ञवल्क्यांना एकेक विद्वान प्रश्न विचारतो आहे. आर्तभाग नावाचा एक जण विचारतो, माणूस मेल्यावर त्याची वाणी अग्नीत जाते, प्राण वाऱ्यात, डोळे सूर्यात, शरीर मातीत. मग तो माणूस स्वतः कुठं असतो? भर सभेत धडाधड उत्तरं देणारे याज्ञवल्क्य इथं थांबतात. म्हणतात, "आर्तभागा, हात दे. हे आपण दोघंच बोलू, या गर्दीत नको." दोघं बाजूला जातात. उपनिषद सांगतं की ते तिथं कर्माविषयी बोलले. आणि सार एवढंच: पुण्यकर्मानं माणूस पुण्यवान होतो, पापकर्मानं पापी.

शब्द नीट बघा. 'पुण्यकर्मानं बक्षीस मिळतं' असं तिथं म्हटलेलं नाही. 'होतो' म्हटलं आहे. पुढं त्याच उपनिषदात पुन्हा येतं, "यथाकारी यथाचारी तथा भवति", जसं करतो, जसं वागतो, तसा तो होतो. बघून लिहिणाऱ्या मुलाकडं या बाजूनं बघू. पहिल्यांदा बघताना त्याची छाती धडधडली असेल. दुसऱ्यांदा कमी. पाचव्या वेळी मान आपोआप वळते. ही वळलेली मान हेच त्याच्या कर्माचं पहिलं फळ, आणि ते अकरा मिनिटांतच मिळालेलं आहे. अशा उमटलेल्या ठशाला संस्कार म्हणतात. गुणपत्रिकेवर तो दिसत नाही, एवढंच.

तपासून पाहा: रोज दुपारी कुणी सांगायच्या आत फळा पुसून ठेवणाऱ्या मुलीला कधीच शाबासकी मिळाली नाही. तिला फळ मिळालं का?

उत्तर: उपनिषदाच्या शब्दांत, मिळालं, ती न सांगता काम करणारी झाली. ही मुलगी आमच्या वर्गात खरोखर होती. तिनं या प्रश्नाला उत्तर लिहिलं, "मिळालं. खडूची ॲलर्जी." तिलाही मी पूर्ण गुण दिले.

हिंदू परंपरेत कर्माचे तीन भाग सांगतात आणि मुलं त्यांची नावं पाठ करून गोंधळतात. उत्तरपत्रिकांवरून ते सोपं होतं. तुमच्या आजवरच्या सगळ्या परीक्षांच्या उत्तरपत्रिका कपाटात रचून ठेवल्या आहेत असं समजा. तो सगळा ढीग म्हणजे संचित. त्यातला एक गठ्ठा तपासून झाला, गुण लागले, प्रगतीपुस्तक हातात आलं. हे प्रारब्ध. आणि आत्ता समोर जो पेपर लिहिता आहात, घंटा व्हायला वेळ आहे, ते क्रियमाण. तपासून हातात आलेला पेपर खोडरबरानं बदलता येत नाही. जुन्या ग्रंथांत यासाठी बाणाचं उदाहरण आहे: धनुष्यातून सुटलेला बाण परत बोलावता येत नाही, तो वेग संपला की पडेल. पण भात्यातले बाण आणि हातातला बाण अजून तुमच्याच ताब्यात आहेत.

"नशिबात असेल तसं होईल" म्हणणारा माणूस काय करतो? लिहीत असलेल्या पेपरालाही तो प्रगतीपुस्तक समजतो आणि पेन खाली ठेवतो.

आता पुनर्जन्म. आधी तो हवा कशाला, ते बघू. तिसऱ्या बाकावरच्या मुलाची तक्रार आयुष्यभराची करून बघा. एखादा माणूस जन्मभर लोकांना लुबाडतो आणि नव्वदाव्या वर्षी झोपेत शांतपणे जातो. दुसरा कुणाचं वाईट न करता तरुणपणीच आजारानं जातो. फळ मिळतंच, असं म्हणायचं असेल तर हिशेब एका जन्मात बसत नाही. वही संपली, गणित अर्धं राहिलं. मग पुढचं गणित दुसऱ्या वहीत करावं लागेल. पुनर्जन्म ही ती दुसरी वही. ज्यांना कर्माचा नियम पक्का वाटत होता त्यांना पुनर्जन्म मानावा लागला तो यामुळं. डोळ्यांना दिसतं तेवढंच खरं मानणाऱ्या चार्वाकांनी पुनर्जन्म नाकारला, त्याबरोबर त्यांना पाप-पुण्याचं अदृश्य फळही नाकारावं लागलं. दोन्ही गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत.

पण दुसरी वही माझीच कशावरून? एका वहीतून दुसरीत जातं ते काय? इथं आपल्याकडच्या परंपरा वेगवेगळ्या वाटांनी जातात, आणि ते न सांगता 'भारतीय लोक पुनर्जन्म मानतात' असं एका ओळीत उरकणं मला पटत नाही.

हिंदू परंपरेतल्या बहुतेक मतांप्रमाणे आत्मा टिकून राहतो आणि शरीर बदलतं. गीतेतलं जुनी वस्त्रं टाकून नवी घेण्याचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. वर्गात मी शाळा सोडल्याच्या दाखल्याचं उदाहरण घेते. सातवीनंतर शाळा बदलली. गणवेश बदलला, बाक बदलला, बाईही बदलल्या. पण मूल तेच, आणि त्याच्या जुन्या नोंदी दाखल्याबरोबर आल्या. गीतेच्या पंधराव्या अध्यायात याहून नाजूक उपमा आहे. वारा जसा फुलांच्या जागेवरून वास उचलून नेतो, तसा जीव शरीर सोडताना मन आणि इंद्रियं बरोबर घेऊन जातो. आमच्याकडं हिवाळ्यात गुऱ्हाळं सुरू झाली की वर्गाच्या खिडकीतून गुळाचा वास येतो. काहील, चुलवाण, तिथली माणसं सगळं शेतातच असतं. येतो फक्त वास, आणि तेवढ्यावरून पोरांना कळतं की काहील उतरली.

बौद्ध विचार म्हणतो की टिकून राहणारं असं काहीच नाही, आत्माही नाही. मग पुनर्जन्म कुणाचा? मिलिंद नावाच्या ग्रीक वंशाच्या राजानं, म्हणजे मिनँडरनं, भिक्खू नागसेनांना नेमकं हेच विचारलं. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला हा राजा, आणि 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात त्याचे प्रश्न आहेत. नागसेन म्हणतात, रात्रभर दिवा जळतो. पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? तेल वेगळं जळालं, वात वेगळी जळाली. तीच नव्हे. पण दुसरीही म्हणता येत नाही, कारण तिच्यातूनच ही आली. मग ते राजाला विचारतात, लहानपणी गुरूंकडून तू एखादा श्लोक शिकलास ना? तो श्लोक गुरूंमधून निघून तुझ्यात आला का? गुरूंकडचा श्लोक तर गुरूंकडंच राहिला. हलली अशी कुठलीच वस्तू नाही, तरी श्लोक तुझ्यात आहे आणि गुरूंमुळंच आहे.

एवढं वाचल्यावर मी वर्गाला म्हणते, पावकीचा पाढा मला माझ्या आज्जीनं शिकवला. आता तुम्हाला येतो. माझा कमी झाला का?

राजा मात्र चिवट होता. माणूस तोच नसेल तर मागच्याच्या पापातून हा सुटलाच की, असं तो विचारतो. नागसेन सांगतात, एकानं दुसऱ्याचे आंबे चोरले आणि पकडल्यावर म्हणाला, "यानं लावला तो आंबा वेगळा, मी नेले ते आंबे वेगळे." सोडशील त्याला? राजा म्हणाला, नाही, हे आंबे त्या आंब्यातूनच आले ना. आमच्या वर्गातही एकानं असंच म्हटलं होतं, "मॅडम, चाचणीला मी आठवीत होतो, आता नववीत आहे, आता कशाला बोलताय?"

तिसरी वाट जैनांची, आणि ती वर्गात प्रत्यक्ष करून दाखवता येते. कोल्हापूर परिसरात जैन घरं भरपूर, बरीच मुलं सहलीला कुंभोजच्या बाहुबलीला जाऊन आलेली असतात, त्यामुळं शब्द त्यांच्या कानावर असतात. जैन मतात कर्म ही नुसती शक्ती नाही. तो अतिशय सूक्ष्म असा पदार्थ आहे, पुद्गल. तो सगळीकडं भरलेला आहे आणि जिवाला येऊन चिकटतो. चिकटतो कशामुळं? क्रोध, मान, माया, लोभ या चार कषायांमुळं.

मी दोन मुलांना पुढं बोलावते. एकाच्या तळहातावर खोबरेल तेलाचे दोन थेंब चोळायला लावते, दुसऱ्याचा हात कोरडा. मग दोघांच्या हातांवर डस्टर आपटते. दोन्ही हात पांढरे होतात. आता फुंकर मारा. कोरड्या हातावरची पूड उडते, रेषांत थोडी राहते. तेलकट हातावर फुंकरीनं काही होत नाही. पूड तेलात मिसळून राखाडी लेप होतो, आणि तो मुलगा चड्डीला पुसायला गेला की चड्डीही पांढरी होते. पूड दोघांवर सारखीच पडली होती. धरून ठेवली ती तेलानं. राग, गर्व, कपट, हाव हे ते तेल. नवी पूड येऊ नये म्हणून हात मिटून घेणं हा संवर, आणि चिकटलेली घासून काढणं ही निर्जरा. उपवास आणि तप यांना जैनांकडं एवढं महत्त्व का, ते हा लेप साबणानं घासताना मुलाला आपोआप कळतं. जीव या लेपासकट दुसऱ्या शरीरात जातो. लेप पूर्ण गेला की जायचं थांबतं, तो मोक्ष.

तपासून पाहा: दाखला, दिवा आणि तेलकट हात. यांतल्या कुठल्या उदाहरणात 'तोच जाणारा' असा कुणी नाही?

उत्तर: दिव्याच्या. दाखल्यात मूल तेच आहे, हाताच्या उदाहरणात हात तोच आहे. आणि दाखल्याचं उदाहरण एका ठिकाणी लंगडं पडतं, तेही शोधा. दाखला मुख्याध्यापक लिहून देतात, त्यात चूकही होऊ शकते. कर्माची नोंद कुणी बाहेरून लिहीत नाही, ती आपल्यावरच उमटते.

"मग आम्हाला मागचा जन्म आठवत का नाही?" हा प्रश्न दरवर्षी येतो. परंपरेकडून मिळणारं उत्तर असं: तुम्ही पहिलं पाऊल कुठल्या खोलीत टाकलं ते आठवतं का? नाही, तरी चालता येतं. न्यायसूत्रांत तर उलटा युक्तिवाद आहे की जन्मलेलं बाळ न शिकवता दूध पितं, म्हणजे त्याला आधीची सवय असली पाहिजे. पण त्याच ग्रंथात विरोधकाचंही म्हणणं नोंदवलं आहे, की लोखंड चुंबकाकडं धावतं ते काय मागच्या जन्माच्या सवयीनं? आमचे विज्ञानाचे सर या वादात विरोधकाच्या बाजूनं आहेत. बाळाचं चोखणं ही जन्मजात प्रतिक्षिप्त क्रिया आहे, असं ते सांगतात, आणि ते बरोबर आहे. पुनर्जन्म प्रयोगशाळेत दाखवता येत नाही. म्हणून उत्तरपत्रिकेत 'अमुक परंपरा असं मानते' असं लिहायचं. 'असं असतं' लिहायचं नाही. ज्याला पटत नाही त्यानं पटत नाही म्हणावं, गुण कमी होत नाहीत.

शेवटचा भाग शिकवताना मी जास्त वेळ घेते, कारण चूक इथं होते आणि ती दुखावते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. चिखली, आंबेवाडीची घरं पाण्यात होती. माझ्या वर्गातली एक मुलगी तिकडची. पाणी उतरल्यावर एक नातलग तिच्या आईला म्हणाले, "मागच्या जन्मीचे भोग, दुसरं काय." मुलीनं वर्गात विचारलं, "मॅडम, आमच्या गावातल्या सगळ्यांनी एकदमच पाप केलं होतं का?"

नातलगांनी काय केलं ते गुणांच्या भाषेत बघू. समजा, नियम असा आहे की अभ्यास न करणाऱ्याला गुण कमी पडतात. आता एका मुलाला ७ गुण पडले. त्यानं अभ्यास केला नाही, असं म्हणता येईल का? त्याला ताप असेल. पेपर उशिरा मिळाला असेल. माझी बेरीज चुकली असेल, तीही चुकते. कारणावरून परिणामाकडं जाणारा रस्ता उलटा चालता येत नाही, कारण एका परिणामाला कारणं अनेक असतात.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. संयुत्तनिकाय या पाली बौद्ध ग्रंथात सीवक नावाचा एक फिरता संन्यासी बुद्धांना विचारतो, माणसाला जे काही सुखदुःख होतं ते सगळं पूर्वकर्मामुळंच, असं काही जण म्हणतात, तुमचं मत काय? बुद्ध एकेक कारण मोजतात: पित्त, कफ, वात, तिन्ही मिळून, ऋतूतला बदल, निष्काळजी वागणं, दुसऱ्यानं केलेला घाव, आणि आठवं कर्म. आठांत एक. सगळं पूर्वकर्मावर ढकलणारे प्रत्यक्ष दिसणाऱ्या गोष्टी सोडून बोलतात, असंही ते म्हणतात. पुराच्या बाबतीत दिसणारी गोष्ट म्हणजे घाटमाथ्यावर कोसळलेला पाऊस, भरलेली धरणं, फुगलेली नदी आणि काठावरची घरं.

प्रामाणिकपणे हेही सांगावं लागतं की सगळे ग्रंथ इतके सांभाळून बोलत नाहीत. छांदोग्य उपनिषदात चांगल्या आचरणाच्या माणसांना ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य असा जन्म मिळतो आणि वाईट आचरणाच्या माणसांना कुत्रा, डुक्कर किंवा चांडाळ असा, असं स्पष्ट लिहिलं आहे. उलटा रस्ता इथंच बांधला गेला: हा खालच्या जातीत जन्मला, म्हणजे यानं पाप केलेलं असणार, म्हणजे याला मदत कशाला. याच कोल्हापुरात २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या आणि वसतिगृहांना पाठबळ दिलं. मागच्या जन्मीचे भोग म्हणून सोडून दिलं असतं तर त्यातलं काहीच झालं नसतं. १९२० च्या माणगाव परिषदेत त्यांच्या शेजारी बसलेल्या डॉ. आंबेडकरांनी पुढं बौद्ध धम्म मांडताना कर्माचा नियम ठेवला, पण मागच्या जन्मीच्या कर्मानं या जन्मीची गरिबी ठरते हे नाकारलं.

तपासून पाहा: 'जसं करावं तसं भरावं' हे खरं मानलं, तर 'भरतो आहे म्हणजे केलंच असेल' हे आपोआप खरं ठरतं का? वर्गातलं एक उदाहरण द्या.

या प्रश्नाला चिखलीच्या मुलीनं दिलेलं उत्तर मी जसंच्या तसं फळ्यावर उतरवलं होतं: "नाही. पाऊस पडला की छत्री ओली होते. पण काल माझी छत्री ओली होती, ती आईनं चिखल लागला म्हणून धुतली होती."

तिसऱ्या बाकावरच्यानं ते वहीत उतरवून घेतलं. मग मान वर करून म्हणाला, "मॅडम, मग माझ्या १४ गुणांचं कारण पण दुसरं काहीतरी असंल की. परत तपासा."

तपासला. एका उत्तराला गुण द्यायचेच राहिले होते. १६ झाले.